डाळिंबाची छाटणी: कात्री बुडवण्यावरून झालेली ओढाताण

हस्त बहाराच्या छाटणीचं बाकी सगळं सुरळीत झालं. अडलं ते कात्रीपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या सांगोल्याकडं तेल्या रोगानं बागाच्या बागा काढाव्या लागल्यात. तेल्या जिवाणूमुळे होतो. फांदीवरच्या काळ्या, तडकलेल्या डागातून कात्री फिरली की जिवाणू पात्याला लागतात आणि पुढच्या झाडाच्या ताज्या कापात उतरतात. म्हणून एक झाड झालं की कात्री अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची. दुकानात दहा टक्क्यांचं मिळालं, तर एक भाग त्याचा आणि तीन भाग पाणी. बाटलीवरचा टक्का आधी वाचा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

टोळी आली ती दुसऱ्याच्या बागेतून, कात्र्यांवर तिथला चीक तसाच वाळलेला. मी बादली पुढं केली. मुकादम म्हणाला, "दादा, झाडामागं पैसे ठरलेत. प्रत्येक झाडाला थांबलो तर पोरांना काय सुटणार?" त्याचं म्हणणं खरं होतं, पण बाग माझी होती. मी लांब गेलो की बादली तिथंच आणि पोरं चार ओळी पुढं. ओरडून काही उपयोग झाला नाही. शेवटी उक्तं मोडून रोजावर घेतलं आणि त्यांच्या कात्र्या बाजूला ठेवून प्रत्येकाला माझ्या दोन दोन दिल्या. एक बादलीत, एक हातात; झाड झालं की अदलाबदल. थांबणंच उरलं नाही, कात्रीही पुरेसा वेळ भिजली. वाद तिथं मिटला. दुसरी कात्री आधीच घेऊन ठेवा, ही रक्कम वाचवू नका.

पात्यावरचा चीक आधी फडक्यानं पुसायचाच, कारण चीक आणि भुसा क्लोरीन खाऊन टाकतात. पाणी गढूळ झालं की नवीन करायचं, बादली सावलीत ठेवायची. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू निघतो. हातमोजे घाला.

आणखी एक राहिलं: निरोगी ओळी आधी, डागाळलेली झाडं सगळ्यात शेवटी. डागाच्या खाली दोन इंच सोडून निरोगी लाकडात कापायचं, काड्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या. पानावर दव असताना मी कुणाला बागेत शिरू देत नाही, ओल्या झाडावरून हाताकपड्यांनीही रोग सरकतो.

हायपोनं लोखंड गंजतं. संध्याकाळी कात्र्या साध्या पाण्यानं धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. आणि पावसाच्या शिंतोड्यांनी येणारा तेल्या कात्री धुवून थांबत नाही, त्यामुळे छाटणी झाल्यावर त्याच दिवशी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी घ्या.