आमची वाटचाल: मोटरच्या दुकानातलं मे महिन्याचं शिबिर

सांगलीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान वडिलांनी टाकलेलं. उन्हाळा लागला की शेतीपंपांच्या जळालेल्या मोटरींची दारात रांग लागते. २०१९ च्या महापुरानंतर त्यात भिजलेले मिक्सर आणि पंखे आले, आणि गल्लीतली नववी-दहावीची पोरं "काका, आम्ही खोलून बघू का?" म्हणत घुटमळायला लागली. त्यातून सुट्टीतलं शिबिर सुरू झालं. गिऱ्हाइकाचं काम मात्र मुलांच्या हाती देत नाही. ती शिकायला येतात, राबायला नाही.

शिबिरात वस्तू एकच करायची, सिरीज बोर्ड, म्हणजे बिघडलेली वस्तू बल्बमधून वीज देऊन तपासायचा बोर्ड. एक स्विच, एक होल्डर, एक सॉकेट. फेज आधी स्विचला, तिथून बल्बला, तिथून सॉकेटला. न्यूट्रल थेट सॉकेटला. बल्ब शंभर वॉटचा, जुना तारेचाच लागतो. एलईडी लावला तर तो जरा गळतीवरही लुकलुकतो आणि चांगलं-वाईट काहीच कळत नाही. तारेचा बल्ब हल्ली शोधावा लागतो, म्हणून मी थोडे राखून ठेवतो.

पहिले दिवस बॅटरीवर जातात. वायर सोलताना आतल्या तांब्याच्या तारा तुटल्या की नाही हे मी मोजायला लावतो. सगळे कंटाळतात, पण इथेच हात बसतो.

मग मुद्दाम न्यूट्रलवर स्विच जोडलेला बोर्ड पुढे ठेवतो. स्विच बंद, बल्ब विझलेला. "काका, बरोबर तर आहे!" बल्ब काढून होल्डरमध्ये टेस्टर लावला की तो पेटतो. बंद स्विचवर भरवसा ठेवून बल्ब बदलणाऱ्याला झटका का बसतो, हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

तयार बोर्डवर आधी बिघडलेला मिक्सर लावतो. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर वाइंडिंग बहुधा ठीक, पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटलेली किंवा स्विच गेलेला. यावर पोरं खूश होतात, तेव्हा हजार वॉटची चांगली इस्त्री देतो. बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि सगळे एका सुरात "शॉर्ट!" म्हणतात. इस्त्रीचा रोध मुळातच कमी, बल्बच्या साधारण दहावा हिस्सा, त्यामुळे बहुतेक व्होल्टेज बल्बवरच पडतं. अशा वस्तूंना हा बोर्ड फसवतो, तिथे मल्टिमीटरच हवा. ओल्या वाइंडिंगची बारीक गळतीही यावर दिसत नाही, ती मेगर या इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर कळते.

पालक विचारतात, धोका नाही का? आहे. म्हणून टेबलाला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तोही पडत नाही, म्हणून मेन चालू करायचा हात फक्त माझा. आणि एका वेळी सहाच्या वर मुलं घेत नाही, कितीही शिफारशी आल्या तरी.