साखर उतरली, पण कीटोन उतरायचे होते

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात जुलैच्या एका दुपारी एक काकू आपल्या नऊ वर्षांच्या बोक्याला, सोन्याला, टोपलीत घालून घेऊन आल्या. महिनाभर तो भरपूर पाणी पीत होता आणि तरीही वाळत चालला होता. दोन दिवसांपासून त्याने अन्न सोडले होते आणि उलट्या सुरू झाल्या होत्या. वजन चार किलो भरले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती.

रक्तातील साखर ४८२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होती, पीएच ७.१४, आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा मुख्य कीटोन ६.१ मिलिमोल प्रति लिटर. निदान स्पष्ट होते: मधुमेही कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याने शरीर चरबी जाळते आणि त्यातून तयार होणारे आम्लधर्मी कीटोन रक्तात साचतात. काकूंनी लगेच विचारले, “डॉक्टर, इन्सुलिन देताय ना?” मी त्यांना पोटॅशियमचा आकडा दाखवला. तो ३.२ होता आणि इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींमध्ये ओढून नेते. ३.५ च्या खाली असताना इन्सुलिन सुरू केले असते, तर स्नायू आणि हृदय दोन्ही धोक्यात आले असते.

म्हणून पहिले चार तास फक्त सलाइन आणि त्यात पोटॅशियम क्लोराइड दिले. शरीरातील पाण्याची तूट आठ टक्के धरली, म्हणजे ३२० मिलिलिटर. ती बारा तासांत भरून काढायची आणि रोजची गरज वेगळी, असा हिशेब करून वेग तासाला ३५ मिलिलिटर ठेवला. पोटॅशियम घातल्यावर बाटली उलटसुलट करून नीट मिसळणे मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही, कारण ते तळाशी साचून एकदम शिरेत गेले तर हृदय थांबू शकते.

चार वाजता पोटॅशियम ३.६ झाले आणि निव्वळ सलाइनवर साखरही ४१० वर आली. मग साधे, म्हणजे रेग्युलर, इन्सुलिन सुरू केले. किलोमागे दिवसाला १.१ युनिट या हिशेबाने ४.४ युनिट २५० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळले आणि तासाला १० मिलिलिटर या वेगाने लावले. इन्सुलिन नळीच्या प्लॅस्टिकला चिकटते, त्यामुळे पहिले ५० मिलिलिटर नळीतून वाहू देऊन टाकून दिले. साखर तासाला ५० ते ७५ पेक्षा जास्त वेगाने उतरू नये, यावर लक्ष होते.

आठ वाजता साखर २३६ होती, पण सोन्याची मान खाली झुकली होती. तो डोके उचलायचा प्रयत्न करी आणि हनुवटी पुन्हा छातीशी येई. मांजराची मान अशी पडली की माझा पहिला संशय पोटॅशियमवर जातो. ते २.८ निघाले. इन्सुलिन थांबवले आणि ५०० मिलिलिटरच्या नव्या बाटलीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम घातले. ३५ च्या वेगाने ते किलोमागे तासाला ०.३५ पडत होते, ०.५ ची मर्यादा मला ओलांडायची नव्हती. तीन तासांनी पोटॅशियम ३.५ झाले आणि त्याने मान धरली.

त्या वेळी साखर २४० च्या आसपास होती. ती आटोक्यात आहे म्हणून इन्सुलिन बंदच ठेवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु कीटोन अजून ४.८ होते आणि ते इन्सुलिनशिवाय थांबत नाहीत. म्हणून इन्सुलिन तासाला ७ मिलिलिटरने पुन्हा लावले आणि साखर घसरू नये यासाठी सलाइनमध्ये अडीच टक्के डेक्स्ट्रोज घातले. बाटलीतून ५० मिलिलिटर काढून तितकेच २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज घातले की हे प्रमाण जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची पट्टी आदल्या दिवसापेक्षा गडद झाली आणि काकू घाबरल्या. ही पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट नाही; उपचार लागू पडताना दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर होते, म्हणून पट्टी उलटे सांगते. रक्तातील आकडा तोवर २.१ वर आला होता. फॉस्फरस मात्र १.४ पर्यंत घसरले होते. ते आणखी खाली गेले तर मांजराच्या लाल पेशी फुटू लागतात, म्हणून पोटॅशियम फॉस्फेट सुरू केले आणि त्यातील पोटॅशियम एकूण हिशेबातून वजा केले.

तिसऱ्या दिवशी कीटोन ०.५ झाले आणि सोन्याने काकूंच्या हातून उकडलेल्या सुरमईचे चार घास खाल्ले. मग दिवसातून दोनदा एक युनिट ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सुरू केले. दवाखान्यातील रेग्युलर इन्सुलिनची कुपी मिलिलिटरला ४० युनिटची आणि ग्लार्जिन १०० युनिटचे, त्यामुळे सिरिंजही वेगळी लागते. काकूंकडून पाण्याने दहा वेळा एक युनिट भरून घेतल्यावरच त्यांना घरी सोडले.