आमची वाटचाल : हजेरीपटापासून दरपत्रकापर्यंत

नाशिकमध्ये सातपूरच्या एका गाळ्यात आम्ही हाउसकीपिंगच्या ठेक्यांची सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे फरशी घासायचं एक सिंगल डिस्क मशीन, दोन रिंगर ट्रॉल्या आणि आठ माणसं होती. ते मशीन आजही चालू आहे. कार्बन ब्रश बदलले, कॅपॅसिटर बदलला, पॅड तर किती बदलले असतील. नवीन ऑटो स्क्रबर आले तरी कोटा फरशीवरचं जुनं मेण काढायचं असलं की आमचे सुपरवायझर तेच मशीन मागतात. भागीदार अण्णा हिशेब बघायचे, मी साइट बघायचो. पुढे सिक्युरिटीचं लायसन्स घेतलं, मग इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि डीजी सेटची देखभाल आली. ती वर्षं बरी गेली. लिहायचंय ते त्यानंतरच्या एका कराराबद्दल.

मुंबई नाक्याच्या पलीकडचं एक धर्मादाय हॉस्पिटल. नाव लिहीत नाही. हाउसकीपिंग, गार्ड आणि मेंटेनन्स मिळून तीन वर्षांचं काम. टेंडरमध्ये एक ओळ होती : मंजूर दर करार संपेपर्यंत स्थिर राहतील. अण्णांनी टेंडरपूर्व बैठकीत लेखी विचारलं, किमान वेतन वाढलं तर फरक मिळणार का? तोंडी उत्तर आलं की आजवर प्रत्येक ठेकेदाराला मिळालाय, तुम्हालाही मिळेल. लेखी उत्तर मात्र कधी आलं नाही.

या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे की महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. मूळ वेतन आणि विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, आणि परिपत्रक बहुतेक वेळा तारीख उलटून गेल्यावर हातात पडतं, म्हणजे फरक मागून द्यावा लागतो. मूळ वेतन कैक वर्षांनी बदलतं, पण बदलतं तेव्हा एकदम उडी मारतं. आम्ही पहिल्या जुलैला वाढीव पगार दिला, बिलात फरक लावला, अकाउंट्सने तो कापून बिल पास केलं. दुसऱ्या वर्षी मूळ वेतनाचीच सुधारणा आली. त्या दिवसापासून प्रत्येक माणसामागे आम्ही खिशातून पैसे घालत होतो. पगार सात तारखेला द्यायचाच, बिल मिळायचं दीड-दोन महिन्यांनी. ओव्हरड्राफ्ट संपला. टेम्पो विकला. पीएफचं चलन मात्र एकदाही थकवलं नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो.

मग एक दुसरी एजन्सी आली. म्हणाली, जुन्याच दरात चालवतो, सर्व्हिस चार्ज, म्हणजे ठेकेदाराची कमाई, अर्धा टक्का. आता विचार करा. महिन्याचा पगार दीड महिना आपण गुंतवायचा, त्याचं व्याजच दीड टक्क्याच्या घरात. मग अर्ध्या टक्क्यात चालवणारा पैसा कुठून आणतो? कामगाराच्या ताटातून. दर महिन्याला पीएफसाठी कामगारवार भरायच्या ईसीआर फाइलमध्ये एनसीपी डेज नावाचा रकाना असतो, बिनपगारी दिवसांचा. हजेरीपटावर गार्ड २६ दिवस हजर, बिलात २६ दिवस, आणि ईसीआरमध्ये त्याच गार्डचे दहा दिवस एनसीपी. तेवढ्या दिवसांचा पीएफ हवेत. हजेरीपट आणि ईसीआर शेजारी ठेवून पाच नावं ताडून बघा, लगेच कळतं. त्या हॉस्पिटलनं बघितलं नाही. आम्ही गेलो, ते आले. वर्षभरानं पीएफची नोटीस मुख्य नियोक्ता म्हणून हॉस्पिटललाच आली. आमची अनामत रक्कम त्यांनी अजून पूर्ण परत केलेली नाही.

त्या काळात आम्हाला धरून ठेवलं ते गंगापूर रोडच्या एका लहान हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाईंनी. बाईंचा विश्वास कशानं बसला तेही सांगतो. जुलै २०१९ मध्ये ईएसआयचा मालकाचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्के झाला. आम्ही कोणी न मागता त्याच महिन्यापासून बिल कमी केलं. बाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "कमी झालेलं तुम्ही स्वतःहून सांगता, मग वाढलेलं मी का नाकारू? पण मार्चमध्ये बजेट मांडताना मला आकडा हवा, जुलैत धक्का नको."

तेव्हापासून दर फेब्रुवारीत अण्णा आणि बाई एकत्र बसून हे बजेट मांडतात. पद्धत सगळ्या संस्थांच्या उपयोगाची आहे.

एप्रिल ते मार्च या एका वर्षात वेतनाचे तीन दर येतात. एप्रिल ते जून जानेवारीचा दर, जुलै ते डिसेंबर जुलैचा, आणि शेवटचे तीन महिने नव्या जानेवारीचा. समजा रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवाल्याच्या जागी येणारी माणसं, धरून ६० माणसं आहेत. मागच्या काही वाढी बघून आपण धरलं की जुलैत माणशी ४०० आणि जानेवारीत ३०० रुपये वाढतील. जुलैची वाढ नऊ महिने लागते, ३,६०० रुपये. जानेवारीची तीन महिने, ९०० रुपये. माणशी ४,५०० झाले.

इथे बहुतेक अकाउंटंट थांबतात, आणि इथेच बजेट फसतं. कामगाराचे १०० रुपये वाढले की त्यावर घरभाडे भत्ता ५, पीएफ प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३, ईएसआय साधारण साडेतीन आणि बोनस ८.३३. म्हणजे १०० चे जवळपास १३० होतात. वर १८ टक्के जीएसटी. हॉस्पिटलच्या आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्यानं त्यांना तो वजा मिळत नाही, तो सरळ खर्चच. १०० चे १५३ झाले. तेव्हा ४,५०० चे माणशी ६,८८५ आणि ६० माणसांचे ४ लाख १३ हजार. वेतन १५,००० च्या वर गेलं आणि पीएफ त्या मर्यादेवरच भरायचं ठरलेलं असलं, तर पीएफचा भाग वाढत नाही, तेवढं कमी करायचं.

दुसरी गोष्ट, पुढच्या वर्षाचं बजेट मागच्या वर्षाच्या खर्चावरून मांडू नका. त्या खर्चात जानेवारीची वाढ फक्त तीन महिन्यांची असते. चालू जानेवारीचा दर गुणिले बारा, इथून सुरुवात करा आणि त्यावर येणाऱ्या दोन वाढी घाला. मूळ वेतनाची सुधारणा होऊन बरीच वर्षं झाली असतील तर तिच्यासाठी वेगळी राखीव रक्कम ठेवा, ती या हिशेबात मिसळू नका.

माणसं मोजतानाही कसर करू नका. चोवीस तासांच्या एका गेटला आठवड्याला २१ पाळ्या लागतात, एक गार्ड सहा करतो. साडेतीन माणसं सुट्ट्या न धरता, सुट्ट्या धरून चार. तीनच मंजूर करणाऱ्या संस्थेत चौथ्याचं काम डबल ड्युटीनं होतं, आणि पहाटे चारला गेटवर झोपलेला गार्ड सापडला की दंड आम्हाला. आमच्या नाशकात द्राक्षाच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडची माणसं बागेत जातात, फेब्रुवारी-मार्चात रिलीव्हर जास्त धरावे लागतात.

बाईंच्या करारात दराचे दोन तुकडे आहेत. वेतन आणि वैधानिक भाग प्रत्यक्ष परिपत्रकाप्रमाणे, वाढला तर वाढीव आणि घटला तर कमी. सर्व्हिस चार्ज, केमिकल आणि मशीनचं भाडं रुपयांत ठरलेलं, त्याचा वेतनवाढीशी संबंध नाही. फरकाच्या बिलासोबत परिपत्रक, बँकेचं पगारपत्रक, पीएफचं ईसीआर आणि ईएसआयचं चलन जोडल्याशिवाय बाई सही करत नाहीत. आता नवीन टेंडर आलं की अण्णा आधी वेतनवाढीचा फरक देण्याचं कलम शोधतात. नसलं तर लेखी मागतात, आणि लेखी मिळालं नाही तर आम्ही दर भरत नाही.