चार पानी तक्रार, अर्ध्या पानाचे टिपण

तुम्ही विचारलंत: “ग्राहकाचं चार पानांचं संतापलेलं पत्र तुम्ही साहेबांसाठी अर्ध्या पानात आणता. त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवता कसं?”

बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसून मी पत्र प्रथम वाचतो ते हातात पेन्सिल घेऊन, आणि तारीख, रक्कम, ठिकाण, माणूस व क्रमांक यांखेरीज कशाखालीही रेघ ओढत नाही. संतापलेला माणूस घटना घडली त्या क्रमाने लिहीत नाही. जे सर्वांत जास्त लागले तिथून सुरुवात करतो. त्यामुळे पहिले काम असते ते तारखा ओळीने लावण्याचे.

ओळख पटणार नाही अशा बेताने एक पत्र सांगतो. सुरुवात “तुमच्या बँकेत दरोडेखोर बसले आहेत” अशी होती. पेन्सिलीच्या रेघा जोडल्यावर हाती आले ते एवढे: ३ जून रोजी एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून १०,००० रुपये वजा झाले, ४ जूनला शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, ११ आणि १९ जूनला हेलपाटे घातले, २८ जूनला रक्कम परत जमा झाली. पत्र ५ जुलैचे होते. पैसे तर मिळाले, मग हा गृहस्थ भांडतो कशासाठी, असे घाईने वाचणाऱ्याला सहज वाटले असते.

मागणी तिसऱ्या पानावर, शिव्यांच्या ऐन गर्दीत होती: “माझे पैसे इतके दिवस वापरलेत, त्याचं भाडं कोण देणार, तुमचा बाप?” गरम वाक्ये सरसकट खोडणाऱ्याच्या हातून नेमके हेच वाक्य जाते. ते पिळून घ्यावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा व्हावी लागते, आणि त्यापुढच्या विलंबाबद्दल दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यावी लागते. मुदत ८ जूनला संपली, रक्कम २८ ला आली. म्हणजे २० दिवस, २,००० रुपये. मात्र हा आकडा पत्रात नव्हता, म्हणून तो ग्राहकाच्या तोंडी घालता येत नाही. त्याची मागणी “विलंबाची भरपाई” एवढीच, आणि हिशेब खाली कार्यालयीन नोंद म्हणून वेगळा.

दुसरा अवघड भाग म्हणजे वागणुकीची तक्रार. १९ जूनला खिडकीवरील कर्मचारी त्याला म्हणाला होता, “पैसे घेतले असतील आणि विसरला असाल.” हे शब्द मी जसेच्या तसे ठेवले, कारण तक्रार त्या शब्दांचीच आहे. “उद्धट वागणूक” असे लिहिले की साहेबांना कोणाला काय विचारायचे तेच उरत नाही. ग्राहकाने उलट वाहिलेली लाखोली मात्र पूर्ण गाळली. “रिझर्व्ह बँकेकडून तुमची सालटी काढवतो” या धमकीतली सालटी गेली, रिझर्व्ह बँक राहिली; कारण तिच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही तर ग्राहक लोकपालाकडे जाऊ शकतो, आणि ४ जूनच्या अर्जाला लेखी उत्तर गेलेच नव्हते.

राग काढताना संशय मिसळला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. प्रत्येक वाक्यात “कथित” आणि “असा दावा” आले की ग्राहक खोटारडा वाटू लागतो. “विलंब झाला” असे मोघम लिहिले की तो कोणाकडून झाला हे झाकले जाते, आणि आमच्या लोकांना हे वाक्य फार आवडते. मी “ग्राहकाच्या म्हणण्यानुसार” हे शब्द एकदाच, सुरुवातीला लिहितो आणि नोंदींवरून पटलेल्या बाबींपुढे तसे नमूद करतो. टिपण असे झाले:

“ग्राहकाच्या म्हणण्यानुसार ३ जून रोजी एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून १०,००० रु. वजा झाले (नोंदीवरून खरे). ४ जूनच्या लेखी अर्जास शाखेने उत्तर दिले नाही (शाखेकडून खातरजमा झाली). ११ व १९ जूनला ते शाखेत गेले. १९ जूनला कर्मचारी ‘पैसे घेतले असतील आणि विसरला असाल’ असे म्हणाला. रक्कम २८ जूनला जमा झाली (नोंदीवरून खरे). मागण्या: विलंबाची भरपाई, संबंधित कर्मचाऱ्याची लेखी माफी. रिझर्व्ह बँकेकडे जाण्याचा इरादा व्यक्त केला आहे. कार्यालयीन नोंद: मुदतीनंतर २० दिवस, देय भरपाई २,००० रु.; ३० दिवसांची मुदत उलटली आहे.”

मग मूळ पत्र पुन्हा वाचतो, पण या वेळी फक्त रेघ नसलेला मजकूर. माफीची मागणी मला अशाच दुसऱ्या वाचनात, सहीच्या खाली तिरक्या ओळीत लिहिलेली सापडली. टिपणाला मूळ पत्र जोडलेले असतेच, पण बहुतेक साहेब अर्धे पानच वाचतात. त्यामुळे जी मागणी तिथे आली नाही तिला उत्तरही जात नाही.