आमची वाटचाल : ग्लासच्या कडेवर चालणारा धंदा

आमची फर्म नाशिकची, छोटीशी, मी, माझी बायको आणि दोन पोरं एवढाच स्टाफ. काम काय करता विचारलं की नातेवाईकांना अजूनही नीट सांगता येत नाही, कारण आम्ही वाईन बनवत नाही आणि विकतही नाही. हॉटेलं, रिसॉर्ट, क्लब यांच्याकडे वाईनचा जो स्टॉक पडलेला असतो तो तपासून कुठली बाटली आत्ता काढायची, कुठली ठेवायची, कुठली मेनूवरून उडवायची हे आम्ही लिहून देतो, सोबत त्यांच्या वेटर लोकांना ट्रेनिंग.

घरी दिंडोरीकडे द्राक्षबाग, ती खायच्या द्राक्षांची. मी आधी एका वायनरीच्या लॅबमध्ये होतो. २००१ च्या राज्याच्या वाईन पॉलिसीनंतर इकडे वायनऱ्या वाढत गेल्या आणि हॉटेलांच्या मेनूवर वाईन आली, पण बाटली गोदामात गेल्यावर तिचं काय होतं हे बघणारं कोणीच नव्हतं. तिथेच आम्हाला धंदा दिसला. आणि गंमत म्हणजे त्या धंद्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार निघालं पांढरा कागद.

करायचं काय, तर साध्या वाईन ग्लासात ५० मिली रेड ओतायची, जास्त नाही, ग्लास साधारण ४५ अंशात तिरका करून पांढऱ्या कागदावर धरायचा आणि वरून बघायचं. मध्ये वाईन जाड असते म्हणून नुसता गडद रंग दिसतो, पण कडेला थर पातळ होत जातो आणि तिथे खरी छटा उघडी पडते. शिराज जातीच्या द्राक्षाची नवी वाईन असेल तर कड जांभळट-गुलाबी. मग ती साधी लाल होते, मग डाळिंबी, मग विटकरी-केशरी, आणि फार झालं की चॉकलेटी. नुसती छटा नाही, तो बदललेला पट्टा किती रुंद आहे तेही बघायचं, कारण वय वाढेल तसा तो कडेकडून आत सरकतो. आणि हे दिवसाच्या उजेडात करायचं, हॉटेलच्या पिवळ्या बल्बखाली काल भरलेली वाईनसुद्धा विटकरी दिसते!

हे होतं का तर रेड वाईनचा रंग द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिनचा असतो, आणि सुटं अँथोसायनिन फार टिकत नाही. काही तुटून जातं, बाकीचं हळूहळू सालीतल्या-बियांतल्या तुरट टॅनिनला आणि वाईनमधल्या इतर गोष्टींना चिकटून नवे रंगकण बनतात, ते जास्त टिकाऊ असतात पण रंगाने केशरीकडे झुकलेले. काही मोठे कण तळाशी गाळ म्हणून बसतात, त्यामुळे जुनी रेड फिकटही होते. या सगळ्याला थोडा ऑक्सिजन लागतो, आणि उष्णतेने सगळंच पळायला लागतं. आमचा अख्खा धंदा या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

म्हणजे कड बाटलीचं जन्मसाल सांगत नाही, वाईन किती पुढे गेलीय ते सांगते. क्लायंटला हा फरक पटवण्यातच आमची सुरुवातीची वर्षं गेली.

एक केस सांगतो, रिसॉर्टचं नाव नको. २०१८ ची नाशिकचीच कॅबर्ने-शिराज, एकच बॅच, एकच बिल, आणि आम्ही बघितली २०२२ च्या पावसाळ्यात. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या पण कधी यायच्या कधी नाही, त्यामुळे मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, "अहो माल एकच आहे हो, लोकांनाच कळत नाही." अर्धे बॉक्स एसी स्टोअरमध्ये होते आणि अर्धे किचनमागच्या पत्र्याच्या खोलीत, चार उन्हाळे. आम्ही दोन्हीकडची एकेक बाटली उघडून ग्लास शेजारी शेजारी धरले. एसीवाल्याची कड डाळिंबी, पट्टा बारीक, मध्ये अजून चकचकीत लाल. पत्र्याखालच्याची कड सरळ विटकरी, पट्टा बोटभर रुंद, आणि मधला रंगही मळकट. मग वास घेतला तर शिजवलेल्या मनुकांसारखा, बूच किंचित वर सरकलेलं आणि बुचावरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ, म्हणजे उष्णतेने वाईन फुगून बाहेर आली आणि तिच्याजागी हवा आत गेली. साहेब काही बोलले नाहीत, दुसरा ग्लास परत नाकाला लावला आणि पत्र्याच्या खोलीची चावी मागवली.

तरी लोकांना आकडा हवा असतोच, म्हणून आम्ही जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर घेतला. वाईन ४२० नॅनोमीटरवर (पिवळा-तपकिरी भाग) आणि ५२० वर (लाल भाग) किती प्रकाश अडवते ते मोजायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. नव्या रेडला हे उत्तर ०.५ ते ०.७ च्या आसपास येतं, खूप जुनीला १ च्या वर जातं. त्या दोन बाटल्यांचं आलं ०.७६ आणि १.०४. डोळ्याने जे दिसलं तेच, पण रिपोर्टवर आकडा असला की अकाउंट्सवाले वाद घालत नाहीत. पत्र्याखालचे बॉक्स ग्लासवारी विक्रीतून काढून किचनला दिले.

आता कड कुठे फसवते तेही सांगायला हवं, कारण ट्रेनिंगमध्ये पोरं दोन ग्लास बघून लगेच ज्योतिषी होतात. पहिलं म्हणजे द्राक्षाची जात. इटलीतली बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची बनते त्याच्या सालीत रंग मुळात कमी आणि तोही पटकन ऑक्सिडाइज होणाऱ्या प्रकारचा, वर कायद्याने तिला तीन वर्षांच्या वर थांबवावं लागतं, त्यातले १८ महिने लाकडी पिपात. ती बाजारात येते तेव्हाच कड केशरी असते आणि वाईन मात्र अजून कोवळी, टॅनिन हिरड्यांना धरणारं. एका क्लबात स्टाफने अशीच बाटली "गेलेली" म्हणून बाजूला ठेवलेली, इतकी महाग बाटली, नशीब ओतून नाही दिली. उलट जाड सालीची गडद शिराज थंडीत ठेवलेली असेल तर बरीच वर्षं जांभळट राहते.

दुसरं म्हणजे पीपा. स्पेनमधल्या रिओहाची ग्रान रेसेर्वा म्हणजे जास्त मुरवलेली रेड विकायला येईपर्यंत किमान ५ वर्षांची असते, त्यातली २ लाकडात, आणि लाकडातून हवा थोडी थोडी लागत राहते, तिची विटकरी कड हा दोष नाही. आणि आपल्या गरम हवेतल्या द्राक्षात आम्लता कमी पडते, तशी वाईन ॲसिड घालून सावरली नसेल तर लाल रंग लवकर मावळतो.

लेबलवरच्या सालाचीही एक गोम आहे. आपली काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली अर्ध्याहून जास्त वर्षाने मोठी असते.

म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये "ही सहा वर्षांची" असं कधीच लिहीत नाही. कड बघून एक आणि आठ वर्षांतला फरक सांगता येतो, सहा आणि सातमधला नाही, जो सांगतो तो लेबल बघून आलेला असतो. आम्ही लिहितो जात, साल, कुठे ठेवली होती, कडेची छटा, पट्ट्याची रुंदी, वास, आणि त्याच मालाची थंडीत ठेवलेली बाटली मिळाली तर तिच्याशी तुलना. ती मिळावी म्हणून हल्ली नव्या क्लायंटकडे माल आला की प्रत्येक बॅचची एक बाटली आम्ही आमच्याकडे १४ डिग्रीच्या कपाटात ठेवून घेतो. कपाट आता भरलंय, दुसरं घ्यायचंय, बायको म्हणते आधी मागच्या बिलांचे पैसे येऊ देत.