दुसरा शनिवार, दुसरा मंगळवार आणि आमची फसगत

जळगावला मुख्य कार्यालय असलेल्या एका सहकारी बँकेत मी सर्व्हर सांभाळतो. शाखा चोपडा, रावेर, अमळनेरपर्यंत पसरलेल्या. विंडोजचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे अपडेट, लागू व्हावेत म्हणून महिन्यातून एकदा सर्व्हर रीस्टार्ट करायचे, आणि तेही ग्राहक नसताना. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून आम्ही तोच दिवस धरला होता. कित्येक महिने तसंच चाललं.

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच सोडते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. दुसरा मंगळवार आणि दुसरा शनिवार, जोडी जमली असं वाटायचं. कॅलेंडर उघडून कुणी पाहिलंच नाही.

११ जानेवारी २०२५चा दुसरा शनिवार. सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट केले, अपडेटच्या खिडकीत हिरवी खूण आली, ‘सगळं अद्ययावत’. संध्याकाळी शेतावर भरीत-पार्टीला गेलो. खूण खोटी नव्हती, नवीन काही आलेलंच नव्हतं! त्या महिन्याची एक तारीख बुधवारी होती, त्यामुळे दुसरा मंगळवार पडला १४ला, ऐन संक्रांतीला. जानेवारीचे पॅच त्या रात्री आले, सर्व्हरवर उतरले आणि रीस्टार्टची वाट बघत बसले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या शेजारी बसून एकच ओळ चालवायला लावली:

```
(Get-CimInstance Win32_OperatingSystem).LastBootUpTime
```

उत्तर आलं ११ जानेवारी. ते म्हणाले, “पॅच १४चा, मशीन ११ला सुरू झालंय. मग लागू कधी झाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. रीस्टार्ट होईपर्यंत विंडोज जुन्याच फायली वापरत राहते. पॅच उतरला म्हणजे लागू झाला, असं नाही. आमचा पुढचा दुसरा शनिवार ८ फेब्रुवारीला होता. म्हणजे जानेवारीचे पॅच २५ दिवस नुसते पडून. वर फेब्रुवारीचा मंगळवार ११ला, पुन्हा शनिवारनंतरच.

त्या रात्री वही घेऊन बसलो. महिन्याची एक तारीख बुधवार, गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवारी आली की दुसरा शनिवार मंगळवारच्या तीन दिवस आधी येतो. सातांपैकी चार वारांना! उरलेल्या तिघांत तो चार दिवसांनी येतो, म्हणजे चाचणीला बुधवार ते शुक्रवार एवढेच तीन दिवस. मग चौथा शनिवार तपासला. तोही बँकेच्या सुट्टीचा, आणि मंगळवारनंतर एकतर ११ किंवा १८ दिवसांनी येतो, आधी कधीच नाही.

आता आमचं असं चालतं. बुधवारी सकाळी पॅच फक्त माझ्या मशीनवर, चाचणी सर्व्हरवर आणि एका शाखेच्या काउंटरवर. काउंटर मुद्दाम पासबुक प्रिंटरवालं घेतो. आमच्याकडे पहिलं रडतं ते तेच. तिथली ताई दोन दिवस छापते, ओळ सरकली की फोन करते, “भाऊ, ओळ खाली गेली ना!” दिवसअखेरचं कामही त्या मशीनवरून एकदा करून बघतो. बाकीचे सर्व्हर चौथ्या शनिवारी दिवसा. रात्रीपेक्षा सुट्टीचा दिवस बरा, अडलं तर कोअर बँकिंगवाल्यांचा फोन तरी लागतो.

अकरा दिवस थांबणं वाया जात नाही. जानेवारी २०२२चे पॅच ११ तारखेला आले आणि काही डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारे सर्व्हर, पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. दुरुस्ती १७ तारखेला आली. म्हणून आमचे दोन डोमेन कंट्रोलर एका वेळी कधीच घेत नाही. पहिला वर येऊन त्यावर शाखांचं लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच दुसरा.

पण जी त्रुटी आधीच वापरली जात असल्याचं मायक्रोसॉफ्टच्या यादीत लिहिलेलं असतं, तिच्यासाठी थांबत नाही. ती सापडलेली मशीन इंटरनेटकडे तोंड करून असली तर चाचणी दोन दिवसांत उरकून त्याच रविवारी रीस्टार्ट.

एक भानगड अजून सुटलेली नाही. मार्च २०२६चा चौथा शनिवार २८ला, वर्षअखेरच्या तोंडावर. मॅनेजर साहेबांनी ठाम नकार दिला. त्या महिन्यासाठी १५ तारखेचा रविवार घेतला, मंगळवारनंतर पाचच दिवस. पासबुकवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवलंय.