दंडव्याज का लागलं, हे त्या रात्रीच्या नोंदीला विचारा

तुम्ही विचारलंत: "जॉब रोज लॉग फाइल लिहितोच की, मग ऑडिट ट्रेलचं वेगळं टेबल कशाला?"

उत्तर इतवारीतल्या एका कर्जखात्याचं देतो. मी नागपुरातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. रात्री दीड वाजता एक जॉब चालतो. हप्त्याची तारीख उलटून पाच दिवस झाले आणि पैसे आले नाहीत, तर तो खात्यावर दंडव्याज टाकतो. एका सभासदाचा ४,२०० रुपयांचा हप्ता १० जुलैला होता. १५ची रात्र उलटून १६ जुलैला दीड वाजता जॉबने ८४ रुपये लावले. पुढच्या वर्षी लेखापरीक्षक खतावणी घेऊन बसले आणि म्हणाले, "हप्ता १५ तारखेला जमा दिसतोय. म्हणजे मुदतीत आला. मग दंड कसा?"

खतावणी पाहिली तर त्यांचंच बरोबर वाटत होतं. लॉग फाइलमध्ये फक्त "दंड लावला, रक्कम ८४" एवढी ओळ असायची, आणि तीस दिवसांनी ती फाइलही पुसली जायची. ट्रेलमधली ओळ मात्र अशी होती:

```
run_id   2024-07-16T01:30+05:30
account  L-2217
action   PENALTY 84.00
rule     penalty@a3f91c2
saw      due=2024-07-10 grace=5 last_receipt=2024-06-10
```

शेवटची ओळ बघा. त्या क्षणी जॉबला दिसलेली शेवटची पावती १० जूनची होती. म्हणजे १५ तारखेची पावती रात्री दीडपर्यंत सिस्टिममध्ये नव्हतीच. सभासद संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर आले होते, काउंटरवर हातपावती मिळाली आणि क्लार्कने ती १६ला सकाळी १५ची तारीख टाकून चढवली. जॉब चुकला नव्हता, सभासदही चुकले नव्हते. आज डेटाबेस उघडून हे कधीच कळलं नसतं, कारण आजचा डेटाबेस आजचं सांगतो, त्या रात्रीचं नाही. म्हणून कारण लिहायचं म्हणजे निर्णयाच्या वेळी समोर असलेले आकडे लिहायचे. "नियमानुसार दंड" असं वाक्य तपासणाऱ्याच्या काहीच कामाचं नसतं.

`rule` मधला तो कोड म्हणजे नियमाच्या प्रोग्रामची गिटमधली नेमकी आवृत्ती. मधल्या काळात सवलतीचे दिवस बदलले, तरी तेव्हाचा नियम उघडून वाचता येतो.

ते ८४ रुपये आम्ही परत केले, पण मूळ ओळीला हात लावला नाही. उलट नोंदीची नवी ओळ आली. तिच्यात जुन्या ओळीचा क्रमांक आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव आहे. जॉबच्या डेटाबेस युजरला या टेबलात फक्त भर घालता येते आणि वाचता येतं. बदलायचा, पुसायचा अधिकार दिलेलाच नाही. अर्थात डेटाबेसचा मुख्य अ‍ॅडमिन काहीही करू शकतो. त्यासाठी रोजच्या ओळींची प्रत दुसऱ्या मशीनवर जाते, आणि तिथला पासवर्ड माझ्याकडे नाही. हे मी मागून घेतलं आहे. माझ्याच कामाची तपासणी असेल तर चावी माझ्याकडे नको.

एक गोष्ट मी स्वतः चुकवून शिकलो. सुरुवातीला जॉब आधी सगळे दंड टाकायचा आणि शेवटी ट्रेल लिहायचा. मे महिन्यात एका रात्री वीज गेली, यूपीएसने दम तोडला आणि ३७ खात्यांवर दंड पडला, पण ट्रेलमध्ये एकही ओळ नाही. त्या ३७ सभासदांना कारण सांगायला मला तीन दिवस जुनी बॅकअप चाळावी लागली. आता दंड आणि त्याची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. दोन्ही होतील, नाहीतर दोन्ही नाही. शिवाय रोज सकाळी दंडाच्या नोंदी आणि ट्रेलमधल्या ओळी मोजून ताडून पाहतो. एकाचाही फरक आला तर त्या दिवशी दुसरं काम सुरू करत नाही. सभासदाला जाणाऱ्या एसएमएसचं असं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करता येत नाही, कारण गेलेला मेसेज मागे घेता येत नाही. तिथे पाठवण्याआधी एक ओळ आणि उत्तर आल्यावर दुसरी. पहिली असून दुसरी नसेल, तर तो मेसेज माणसाने तपासायचा.

आणि जे केलं नाही, तेही लिहायचं. लेखापरीक्षकांचा पुढचा प्रश्न तोच होता: "याला लागला, मग शेजारच्या खात्याला का नाही?" त्या खात्याच्या वसुलीला स्थगिती होती, आणि `SKIP` ची ओळ स्थगितीच्या आदेश क्रमांकासकट तिथे होती. यामुळे टेबल बरंच फुगतं. ओळीत सभासदाचं नाव किंवा मोबाइल नंबर कधीच घालत नाही, फक्त खाते क्रमांक आणि नियमाला लागलेले आकडे घालतो. म्हणून ओळ लहान राहते.

इतवारीच्या त्या खात्यानंतर जॉबमध्ये एक बदल केला. शाखेचा डे-एंड, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद, झाल्याशिवाय तो त्या शाखेच्या खात्यांना हात लावत नाही, आणि हातपावत्या चढवल्याशिवाय डे-एंड करता येत नाही. परवा बर्डीच्या शाखेचा डे-एंड राहिला होता. सकाळी ट्रेलमध्ये त्या शाखेच्या प्रत्येक खात्यापुढे एकच कारण होतं: `SKIP day_end=pending`. शाखाधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "हो भाऊ, तीन पावत्या ड्रॉवरमध्येच राहिल्या होत्या."